पाण्याचा कोइफिशंट का वाढला?

*केळीला टिश्यू कल्चरची रोपं लावायची की कंद, यावर प्रोबिट चालवला. नुसतं विहिरीचं पाणी घातलं तर कोइफिशंट 0.7 आला, शेतकऱ्याकडचं भांडवल घातल्यावर तोच 1 झाला, आणि लॉजिटमध्ये पावणेदोनच्या आसपास गेला. यातला पाण्याचा खरा परिणाम कोणता?*

तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण त्यांची मापं वेगवेगळी आहेत.

रावेरचा शेतकरी रोपं घेतो तेव्हा आपल्याला दिसतो तो फक्त निर्णय: रोपं म्हणजे 1, कंद म्हणजे 0. त्यामागे मनाचा कल असतो. तो कमी-जास्त होत असतो, पण मोजता येत नाही. शून्याच्या वर गेला की रोपं, खाली राहिला की कंद. हाच लेटेंट व्हेरिएबल. ही कल्पना प्रोबिटच्या मुळातच आहे. ब्लिस यांनी 1934 मध्ये कीटकनाशकांच्या मात्रेसाठी तो मांडला, तेव्हाही प्रत्येक किडीची सहनशक्ती अशीच न दिसणारी होती. दिसत होतं ते एवढंच, कीड मेली की जगली.

अडचण अशी की या कलाला एकक नाही. सगळ्यांचा कल दुप्पट केला तरी शून्याच्या वरचे वरच राहतात आणि खालचे खालीच. 0 आणि 1 तसेच राहतात, म्हणून डेटावरून माप ठरवता येत नाही, ते आधीच ठरवून घ्यावं लागतं. प्रोबिट एररचा व्हेरिअन्स 1 धरतो. लॉजिट तो π²/3, म्हणजे साधारण 3.29 धरतो, स्टँडर्ड डेव्हिएशन 1.81. म्हणून लॉजिटचे आकडे प्रोबिटच्या बहुधा 1.6 ते 1.8 पट येतात. पाणी तेवढंच असतं, फक्त माप बदललेलं असतं.

आता 0.7 चा 1 कसा झाला ते पाहू. समजा खरा कल = पाणी + भांडवल + एरर. तिन्हींचा व्हेरिअन्स 1, तिन्ही नॉर्मल आणि एकमेकांशी संबंध नसलेले. भांडवल मॉडेलबाहेर ठेवलं की ते एररमध्ये जाऊन बसतं. एररचा खरा व्हेरिअन्स 2 होतो, स्टँडर्ड डेव्हिएशन 1.41. प्रोबिटला मात्र तो 1 च हवा असतो, म्हणून तो सगळ्याला 1.41 ने भागतो. 1 भागिले 1.41 म्हणजे 0.71. साध्या लिनियर रिग्रेशनमध्ये असं होत नाही, कारण तिथे एररचा व्हेरिअन्स डेटावरून काढला जातो. पाण्याशी संबंध नसलेलं व्हेरिएबल बाहेर ठेवलं तरी तिथला कोइफिशंट हलत नाही. त्या सवयीनेच इथे फसगत होते.

स्वतः चालवून बघा, x म्हणजे पाणी, z म्हणजे भांडवल आणि y म्हणजे निर्णय:

```r
set.seed(1)
n <- 100000
x <- rnorm(n); z <- rnorm(n)
y <- as.integer(x + z + rnorm(n) > 0)
m1 <- glm(y ~ x, family = binomial("probit"))
m2 <- glm(y ~ x + z, family = binomial("probit"))
coef(m1)["x"]; coef(m2)["x"]
mean(dnorm(predict(m1))) * coef(m1)["x"]
mean(dnorm(predict(m2))) * coef(m2)["x"]
```

कोइफिशंट 0.71 आणि 1 च्या आसपास येतील. शेवटच्या दोन ओळी सरासरी मार्जिनल इफेक्ट काढतात, आणि तो दोन्हीकडे 0.23 च्या जवळ येतो. म्हणजे पाणी 0.1 ने वाढलं तर 100 शेतकऱ्यांमागे साधारण 2.3 जास्त शेतकरी रोपांकडे वळतात. तक्त्यात हाच आकडा द्या. लॉजिटमध्येही तो जवळपास एवढाच येतो.

मात्र सरासरी सगळ्या शेतकऱ्यांवर घ्या. ‘सरासरी शेतकरी’ धरून, म्हणजे भांडवल 0 ठेवून काढलात, तर पाणी 0 वरून 1 झाल्यावर भांडवल घातलेलं मोठं मॉडेल शक्यता 0.50 वरून 0.84 दाखवेल आणि नुसत्या पाण्याचं लहान मॉडेल 0.76. तोच घोटाळा पुन्हा उभा राहील.

खऱ्या डेटात पाणी असलेल्याकडे भांडवलही असतं. मग कोइफिशंट बदलण्यात दोन गोष्टी मिसळतात, मापाचा बदल आणि भांडवलाचा वाटा. त्या वेगळ्या करायला आधी भांडवलाचं पाण्यावर लिनियर रिग्रेशन करा, उरलेला रेसिड्युअल घ्या, आणि भांडवलाऐवजी तो पाण्यासोबत प्रोबिटमध्ये घाला. या मॉडेलचं माप मोठ्या मॉडेलइतकंच राहतं, त्यामुळे या दोघांतल्या पाण्याच्या कोइफिशंटमधला फरक हा भांडवलाचाच. यालाच कार्लसन, होल्म आणि ब्रीन यांच्या नावांवरून केएचबी पद्धत म्हणतात.

रावेर आणि शिरपूरसाठी वेगवेगळी मॉडेलं चालवून कोइफिशंट शेजारी ठेवणं त्याहून धोक्याचं. समजा पाण्याचा परिणाम दोन्हीकडे 1 च आहे, पण शिरपूरच्या एररचं स्टँडर्ड डेव्हिएशन 2 आहे. तिथे कोइफिशंट 0.5 येईल, नमुना मोठा असेल तर फरक सिग्निफिकंटही निघेल, आणि अहवालात ‘शिरपुरात पाण्याला निम्मंच महत्त्व’ असं छापलं जाईल. तिथे शक्यतांमधला फरक सांगा. नाहीतर एकाच मॉडेलमधलं पाणी आणि भांडवल यांचं गुणोत्तर घ्या, कारण भागाकारात माप उडून जातं.