रात्री साडेआठला झोपली, तेव्हा आम्ही किती खूश झालो!

माझी मुलगी मनू आठ महिन्यांची असताना आम्ही दोघी डिसेंबरात न्यू जर्सीतल्या एडिसनहून पुण्याला आलो. नवऱ्याची सुट्टी नंतरची होती, म्हणून तो दोन आठवड्यांनी येणार होता. विमान मुंबईत रात्री उतरलं आणि घाट चढून घरी पोहोचेपर्यंत अडीच वाजले. प्रवासाबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. बासिनेटमध्ये ती जेमतेम एक तास झोपली, बाकीचा वेळ माझ्या अंगावर.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. संध्याकाळी साडेआठला मनू डोळे चोळायला लागली, मी तिला घेतलं आणि पाच मिनिटांत ती झोपली. सासूबाई म्हणाल्या, "बघ, उगीच घाबरत होतीस. शहाणं बाळ आहे." मीही कपडे बदलून आडवी झाले. दहाला ती टुणकन उठली. रडारड नाही, कुरकुर नाही, चेहरा ताजातवाना. सासऱ्यांनी कौतुकाने टीव्ही लावला आणि मग पुढचे तीन तास घरात दिवाळी होती.

रात्री एकला ती परत सव्वा तास झोपली आणि उठून पुन्हा खेळायला लागली. पहाटे सहाच्या सुमारास मात्र अशी गाढ झोपली, की बाजूच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी ढिम्म.

माझ्या मनगटावरच्या घड्याळात अजून न्यू जर्सीची वेळ होती. ती बघून कोडं सुटलं. डिसेंबरात दोन्हीकडच्या वेळेत साडेदहा तासांचा फरक असतो. पुण्यातले रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथले सकाळचे दहा, म्हणजे मनूची सकाळची डुलकी. रात्रीचा एक म्हणजे तिथले दुपारचे अडीच, दुसरी डुलकी. आणि पहाटेचे सहा म्हणजे संध्याकाळचे साडेसात, तिची रोजची झोपायची वेळ. तिच्या शरीराची रात्र सकाळी सहाला सुरू होऊन संध्याकाळी साडेपाचला संपत होती. जिला आम्ही झोप समजलो, ती डुलकी होती. ती अगदी वेळेवर वागत होती, फक्त वेळ दुसरीकडची होती.

मनूच्या इथल्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी नीट समजावल्या. एक म्हणजे, शरीराचं घड्याळ सरकवणारी मुख्य गोष्ट उजेड आहे, पण तो कोणत्या वेळी मिळतो यावर सगळं अवलंबून असतं. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी सर्वांत खाली असतं. त्यानंतर उजेड मिळाला तर घड्याळ अलीकडे येतं, त्याआधी मिळाला तर उलट पुढे ढकललं जातं. मनूच्या बाबतीत ती वेळ न्यू जर्सीतल्या पहाटे साडेचारच्या आसपास, म्हणजे पुण्यात दुपारी तीनची. दुसरी गोष्ट म्हणजे, घड्याळ दिवसाला साधारण एखाद्या तासानेच सरकतं. एका रात्रीत काहीही होणार नाही.

म्हणजे "सकाळी लवकर उठवून कोवळ्या उन्हात न्या", हा सगळ्यांनी दिलेला सल्ला पहिल्या दिवसांत आमच्यासाठी उलटा होता. सकाळचं ऊन तिच्या शरीराच्या मध्यरात्री पडत होतं. तिची रात्र रोज थोडी थोडी अलीकडे आणायची, तर सकाळी अंधार आणि दुपारी उशिरा ऊन हवं होतं.

म्हणून पहिल्या दिवशी मी तिला सकाळी साडेदहापर्यंत झोपू दिलं. खिडकीला चादर, चादरीवर जुनी सतरंजी, तिला चिमटे. साडेदहाला उठवताना जीव तुटला, कारण तिच्या हिशेबाने ते रात्रीचे बारा होते. दुपारची झोप दोन तासांवर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं होतं. साडेतीनला तिला घेऊन गच्चीत गेले आणि पाचपर्यंत तिथेच बसलो, टोपी घालून, वाळत घातलेल्या कुरडयांवर नजर ठेवत. पुढे रोज उठवायची वेळ पाऊण तासाने अलीकडे घेतली आणि गच्चीची वेळही तशीच सरकवली. आठवडाभरानंतर आमचं गच्चीतलं ऊन सकाळी सव्वादहाचं होतं, म्हणजे सगळे म्हणत होते तेच, फक्त सात दिवस उशिरा.

पाहुण्यांचं मात्र जमेना. लोक अकराला यायचे आणि म्हणायचे, "उठव ना, बघू तरी." सासूबाईंनी मग दारातच सांगायला सुरुवात केली की आमच्याकडे अजून रात्र आहे.

मालिशवाल्या बाईंची वेळ सकाळी साडेआठची. मालिश झाली, कढत पाण्याने न्हाऊ घातलं, शेकलं, की बाळ दोन-तीन तास निपचित झोपतं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं ज्ञान आणि ते अगदी खरं. पण मला ती झोप सकाळी नको होती, रात्री हवी होती. मी विचारलं, संध्याकाळी साडेसहाला याल का? "संध्याकाळी कोण न्हाऊ घालतं? सर्दी होईल पोरीला." दोन दिवस त्या रुसल्या, मग आल्या. न्हाणीघराचं दार लावून, अंग लगेच कोरडं करून, टोपडं घालून झालं, की आठपर्यंत ती सैल पडायची.

रात्रीचं जागणं थांबवता येत नव्हतं, त्याला फक्त बेचव करायचं होतं. दहाला उठली तरी आम्ही दोघी खोलीतच. झिरोचा बल्ब, तोही पिवळा, आणि तिच्याशी बोलणं नाही, खेळणी नाहीत. पहिल्या दोन रात्री ती माझ्या नाकात बोटं घालत बसायची. मोबाइल मी कपाटात ठेवला, आणि त्याला आणखी एक कारण होतं. अंधारात शरीरात तयार होणारं झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, रात्रीच्या अंगावरच्या दुधात असतं, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतं. माझं स्वतःचं घड्याळही न्यू जर्सीचंच होतं, तेव्हा तेही अंधारातच सुधारणार होतं.

भुकेचं वेगळंच. दोन वाजता तिला खरीच भूक लागायची, कारण तिच्या पोटाची ती दुपार होती. आणि माझा पान्हाही त्याच वेळी असा दाटून यायचा की कुशीवर वळता येत नव्हतं. त्यामुळे उपाशी ठेवायचा प्रश्नच नव्हता. पण रात्री फक्त अंगावर पाजायचं आणि खाणं द्यायचं नाही, हे दुसऱ्या रात्रीपासून पाळलं. नाचणीचं सत्त्व उठल्यावर, मऊ वरणभात संध्याकाळी सहाला. सुरुवातीला झोपेत असल्यामुळे दोन चमच्यांवर ती तोंड मिटायची. मग मी लंगोट मोजायला लागले. दिवसरात्रीत सहा ओले असले की चिंता नाही, कमी झाले तर डॉक्टरांना फोन, असं त्यांनी सांगितलं होतं. फोन करावा लागला नाही.

चौथ्या रात्री सासूबाईंनी सहाण पुढे घेतली. "जायफळाचे दोनच वेढे देते, आमच्या तिन्ही मुलांना दिलेत."

"आई, नको हो. मी डॉक्टरांना विचारलंय."

डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं होतं. जायफळाने गुंगी येते ती त्यातल्या द्रव्याच्या विषारी परिणामाने, आणि वेढ्यात किती उतरलं ते मोजता येत नाही. झोपेची किंवा सर्दीची औषधंही नकोत, मेलाटोनिनचे थेंब तर मुळीच नकोत. सासूबाईंना वाईट वाटलं, हे मला दिसत होतं. पण सहाण परत गेली.

मी वहीत रोज एकच वेळ लिहीत होते, पहाटे ती गाढ कधी झोपली तेवढीच. पहिली रात्र ६.१०, मग ५.३०, ४.४०, ४.००. बाकी सगळं गोंधळाचं वाटत असलं, तरी एवढा आकडा सरकतोय म्हणजे दिशा बरोबर आहे. पाचव्या दिवशी नणंदेच्या सासरी लग्न होतं. सकाळी साडेसातला निघालो, भर उन्हात मांडवाबाहेर दोन तास, आणि परतताना गाडीत ती चार वाजेपर्यंत झोपली. त्या रात्री वहीत ५.१५. मला रडू आलं. पण कारण कागदावरच होतं. चुकीच्या वेळचं ऊन आणि दिवसा चार तास झोप, दोन्ही एकाच दिवशी. पुन्हा सकाळी अंधार, दुपारी गच्ची. ४.२०, मग ३.१०.

याच काळात एका रात्री ती दीडला किंचाळत उठली, आणि माझ्या लगेच लक्षात आलं की हे घड्याळाचं नाही. घड्याळामुळे जागं असलेलं मूल आनंदी असतं, तुम्हीच रडवेले असता. ही कान ओढत होती, अंग कोमट होतं, पाजायला घेतलं तर तोंड फिरवत होती. सकाळी डॉक्टरांनी कान बघितला, सूज होती, औषध दिलं. जेट लॅगवर सगळं ढकलून दिलं असतं, तर दोन दिवस गेले असते.

नवव्या रात्री साडेआठची डुलकी आणि पहाटेची झोप यांच्यातली भेग बुजायला लागली. सव्वाआठला झोपली, साडेबाराला उठून प्यायली, तासभर हातपाय हलवले आणि अंधारातच पुन्हा झोपली, ती थेट सहाला उठली. वहीतला "पहाटे गाढ" हा रकाना त्या दिवशी रिकामा राहिला.

अकराव्या रात्री ती उठलीच नाही. मी दोनला जागी झाले, छाती दगडासारखी. अंधारात चाचपडत पंप शोधला आणि भिंतीला टेकून बसले. बाजूला मनू दोन्ही हात डोक्यावर टाकून घोरत होती.