पॉलिहाऊसचं अंदाजपत्रक, किलोत मांडलेलं

सांगाडा उभा राहिलाय, ठिबकची चाचणी झालीय, रोपं पुढच्या आठवड्यात लागतील. तोवर हिशेब पक्का करून घेतला. तो पैशात न मांडता किलोत मांडलाय. पहिल्या प्रतीच्या एका किलो ढोबळी मिरचीचे पॅकिंग, वाहतूक आणि दलाली वजा जाता जे हातात पडतं, ते माझं एक माप. दर जागेनुसार आणि हंगामानुसार बदलतात, पण अमुक खर्च म्हणजे किती किलो माल, हे लगेच समजतं.

आकार २४ बाय २० मीटर, म्हणजे ४८० चौरस मीटर. कडा आणि मधला रस्ता सोडून १८ मीटर लांबीचे १४ गादीवाफे बसले. प्रत्येकावर दोन ओळी, रोपांत ४० सेंटिमीटर अंतर, एकूण १२६० रोपं. मर आणि नांग्या धरून १३५० मागवलीत. ९८ कप्प्यांचे १४ ट्रे होतात.

बांधकामाचा आकडा पाहून छाती दडपते. प्लास्टिक सोडून नुसता सांगाडा १०,८०० किलोंचा. पण तो १५ पिकं टिकेल असं धरलं, तर एका पिकाच्या वाट्याला ७२० किलो येतात. प्लास्टिक मात्र वेगळंच लिहायला हवं. २०० मायक्रॉनचा अतिनील-रोधक कागद चारेक वर्षांत धूसर होतो, आत उजेड कमी पडतो, आणि लोखंड शाबूत असलं तरी तो बदलावाच लागतो. बदलण्याच्या मजुरीसह तो १३६० किलोंचा, चार पिकांत वाटला तर पिकामागे ३४०. बऱ्याच जणांच्या अंदाजपत्रकात ही ओळच नसते. मग पाचव्या वर्षी नफ्यातून कागद घ्यायची वेळ येते.

ठिबक १०८० किलोंचं, सहा पिकांत वाटून १८०. खर्चाने लहान, पण उत्पन्न त्याच्यावरच टांगलेलं. प्रत्येक रोपाला ताशी दोन लिटरचा एक ड्रिपर आहे. चाचणी अशी केली की पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या लॅटरलवर ड्रिपरखाली मोजपात्र ठेवून सहा मिनिटं पाणी गोळा केलं. २०० मिलिलिटर भरलं पाहिजे. ठिकठिकाणच्या मापांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर आधी फिल्टर आणि दाब तपासायचा. शंभरात एक ड्रिपर तुंबला तरी तेरा रोपं तहानतात, आणि रोपामागे तीन किलोंच्या हिशेबाने चाळीसेक किलो माल धोक्यात येतो. पाणी कमी-जास्त मिळत राहिलं तर फळाची टोकं काळी पडून खोलगट होतात. ते दिसेपर्यंत तो तोडा हातचा गेलेला असतो.

आता एका पिकाचा चालू खर्च, साधारण दहा महिन्यांचा. रोपं ३४० किलो, वाफे, शेणखत आणि सुतळी १५०, खतं, फवारणी आणि वीज ५७०, मजुरी १२५०. सगळ्यात मोठी ओळ मजुरीचीच. दर आठ-दहा दिवसांनी फांद्या सुतळीवर चढवाव्या लागतात, बगलफूट काढावी लागते, आणि या कामात दिरंगाई केली तर झाड झुडपासारखं दाटतं. मग फळ लहान राहतं आणि फुलकिडे आतल्या पानांत लपतात. चालू खर्च २३१० आणि सांगाडा, प्लास्टिक, ठिबक यांचा पिकामागचा घसारा १२४०, मिळून ३५५० किलो.

उत्पन्न: ६० रोपं मेली असं धरून १२००, रोपामागे तीन किलो, म्हणजे ३६०० किलो. वाटतं ५० किलो उरले. पण त्यातला १५ टक्के माल दुय्यम निघून निम्म्या भावाने गेला, तर किंमत ३३३० किलोंचीच उरते आणि २२० किलोंची खोट येते. रोपामागे साडेतीन किलो निघाले तर ३८८५, म्हणजे ३३५ किलो शिल्लक. सगळा फरक अर्ध्या किलोचा! निम्मी मजुरी मी स्वतःच्या अंगावर घेणार आहे, त्यातून ६२५ किलो वाचतात. तीन किलोंतही मग ४०५ उरतात. अर्थात माझ्या वेळेची किंमत शून्य धरली म्हणून. गुंतवणुकीवरचं व्याजही यात नाही.

भाव पाव हिश्श्याने पडला, तर मात्र ३५५० किलोंचा खर्च भागवायला ४७३३ किलो लागतात. रोपामागे चार किलोंच्या जवळपास, तेही सगळा माल पहिल्या प्रतीचा निघाला तर. पहिल्याच पिकात ते मी गृहीत धरणार नाही.

हिरवा तोडा लागणीनंतर अडीच-तीन महिन्यांनी सुरू होतो, रंगीत माल आणखी उशिरा. तोवर रोपं, वाफे, तीन महिन्यांची पूर्ण मजुरी आणि खतांचा तिसरा हिस्सा धरून १०५० किलोंच्या आसपास रोख बाजूला ठेवलीय. मजुरीत माझा वाटा धरलेला नाही, कारण बांधणीच्या दिवसांत मी हजर असेनच असं नाही. पहिल्या तोड्यानंतर अंदाजाशेजारी प्रत्यक्षाचा रकाना उघडेन, दुय्यम माल वेगळा तोलून.