सहा हजार सहाशे त्रेपन्न

आमच्या ऑफिसात कोणी सोडून चाललं की कॉन्ट्री गोळा करायचं काम माझ्या गळ्यात येतं. का ते माहीत नाही, बहुतेक एकदा मी "बरं मी बघते" असं म्हटलं असणार आणि मग ते कायमचंच झालं. वागळे इस्टेटमधलं छोटंसं ऑफिस, सर सोडून सोळा माणसं, आणि आता आमचे सरच नागपूरच्या नोकरीवर चालले होते. बारा तारीख शेवटचा दिवस.

आता याआधी कसं व्हायचं ते सांगते. कोणीतरी ग्रुपवर लिस्ट टाकायचं. एक नंबरला आमचे सीनियर, नावापुढे हजार. मग प्रत्येकाने ती लिस्ट कॉपी करायची, खाली आपलं नाव घालायचं, आकडा घालायचा, परत पेस्ट करायची. दिसायला एकदम लोकशाही, पण वर हजार, हजार, पाचशे असं दिसत असताना खाली दीडशे लिहायची कोणाची हिंमत होणार सांगा? मागच्या वेळी आमच्या एका ट्रेनी मुलीने पाचशे लिहिले, आणि दोन महिन्यांनी कळव्याच्या शेअर रिक्षात बसलेलो असताना सहज बोलता बोलता म्हणाली की ताई ते मी बहिणीकडून घेतले होते. तिला स्टायपेंड बारा हजार. त्याच महिन्यात एकीचं डोहाळजेवण, एकाचं लग्न आणि तो सेंडऑफ, अशा तीन कॉन्ट्र्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, कारण लिस्टवर "वा वा, थँक्यू" म्हणून अंगठा मीच टाकला होता.

म्हणून यावेळी ठरवलं की लिस्ट नाही.

पण मी ठरवून काय होतंय, ग्रुपवर गाडी आधीच सुटली होती. एकाने स्मार्टवॉचची लिंक टाकली, चौदा हजारांचं. सगळ्यांनी बदाम टाकले. मग कोणीतरी भागाकार केला, चौदा हजार भागिले सोळा, पर हेड आठशे पंच्याहत्तर. आणि इथेच सगळी गोची होते. एकदा वस्तू ठरली की पैसे कमी देणारा माणूस नुसता कमी देत नाही, तो घड्याळाला भोक पाडतो. त्याच्यामुळे बाकीच्यांचे पावणेनऊशेचे नऊशे होणार, म्हणून तो बिचारा गप्प बसतो आणि देतो. त्यापेक्षा आधी पैसे येऊ देत, किती आले ते बघू, मग त्यात काय बसतं ते शोधू, असं मी लिहिलं. दोन तास ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. मग एक अंगठा आला.

घरी जेवताना हे बाबांना सांगितलं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, आता रिटायर्ड, आणि त्यांना सर्व्हिस रूल्स अजून पाठ आहेत, आम्हाला नको असले तरी. ते म्हणाले, तुमच्या प्रायव्हेटवाल्यांना काही नियमच नाहीत, आम्हाला १९६४ च्या कंडक्ट रूल्समध्ये चौदावा नियम होता. त्यात म्हणे खाजगी, घरगुती स्वरूपाचा निरोप समारंभ चालतो, पण त्याच्या वर्गणीसाठी कोणावर दबाव आणायला मनाई, आणि वरच्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी तिसऱ्या-चौथ्या वर्गाच्या कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा करायला तर कुठल्याही परिस्थितीत मनाई. मला आधी वाटलं बाबा नेहमीसारखं वाढवून सांगतायत, म्हणून रात्री शोधून वाचलं तर खरंच, नियमाखालच्या टिपेत अगदी तसंच लिहिलंय. म्हणजे साठ वर्षांपूर्वी कुठल्यातरी बाबूच्या डोक्यात आमच्या त्या ट्रेनीचा विचार येऊन गेला होता, आणि आमच्या ग्रुपवर कोणाच्या आला नाही.

आमचं ऑफिस सरकारी नाही त्यामुळे तो नियम आम्हाला लागू नाही, पण मी तो मनातल्या मनात लावून घेतला. ग्रुपवर काही न टाकता प्रत्येकाला वेगळा मेसेज केला: "सरांच्या सेंडऑफचे पैसे माझ्याकडे द्या, सहा तारखेपर्यंत. जमेल तेवढे. आकडा फक्त मला कळेल. नाही जमलं तरी कार्डवर नाव असणारच आहे." यातलं शेवटचं वाक्य मी तीनदा लिहून खोडलं होतं, वाटलं की असं लिहिलं तर कोण देणार. पण ते नसेल तर "जमेल तेवढे" हे नुसतं म्हणायचं राहतं. सहा तारीख मात्र विचार करून घातली, एक तारखेला पगार होतो आणि पाचनंतर ईएमआय कापले जातात, वीस तारखेनंतर मागितलं असतं तर लोकांनी दिलं नसतं असं नाही, पण कुरकुरत दिलं असतं.

आणि पूर्वी अ‍ॅपवरून माणसाला पैशांची रिक्वेस्ट पाठवता यायची, ऑक्टोबर २०२५ पासून एकाने दुसऱ्याला अशी यूपीआय रिक्वेस्ट पाठवणं बंद झालं. फसवणुकीमुळे बंद केलं ते बरोबरच आहे, पण मला वेगळ्याच कारणाने बरं वाटलं. त्या रिक्वेस्टमध्ये आकडा मागणाऱ्याने भरायचा असायचा ना.

पैसे यायला लागले. दोघांचे हजार हजार, पाच जणांचे पाचशे, तिघांचे तीनशे, दोघांचे दोनशे, आणि एकेक पाचशे एक, दोनशे एक्कावन्न, एकशे एक. एकाचे आलेच नाहीत. एकदा आठवण केली, दुसऱ्यांदा केली नाही. माझे यातले कुठले ते सांगणार नाही.

पँट्रीतल्या काकांना मात्र मेसेज केलाच नव्हता, बाबांचा नियम. कार्डवर त्यांचं नाव घातलं आणि सही घ्यायला गेले, तर त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि मला विचारलं, "ताई, मला का नाही विचारलं पैशाचं?" मी काहीतरी पुटपुटले, की काका तुमचं नाव आहे की, तुम्ही कशाला. तर म्हणाले, "मग फुकटचं नाव कशाला घातलंत?" आणि खिशातून रोख काढून टेबलावर ठेवले. आता काय करणार? चौदाव्या नियमात याचं उत्तर नाही, म्हणजे आहे खरं तर, "कुठल्याही परिस्थितीत" असे स्पष्ट शब्द आहेत. पण नियम लिहिणाऱ्यासमोर आमचे काका उभे नव्हते. मी घेतले. किती ते सांगत नाही, आणि तुमच्या मनात एकशे एक आलं असेल तर चुकलात.

एकूण जमले सहा हजार सहाशे त्रेपन्न. केक नऊशे वीस, बुके साडेतीनशे, कार्ड आणि गिफ्ट पेपर एकशे ऐंशी. हा खर्च सगळे विसरतात, सगळे पैसे गिफ्टमध्ये घालतात आणि मग केकसाठी परत टोपी फिरते. ते साडेचौदाशे बाजूला काढले तर गिफ्टला उरले पाच हजार दोनशे तीन.

मग परत चर्चा. चांदीचं नाणं, पेन, गणपतीची मूर्ती, ट्रॉली बॅग. ट्रॉलीवर कोणीतरी म्हणालं की निघा लवकर असं वाटेल. मला एकदम आठवलं, सरांची मुलगी बारावीला, म्हणून घरचे सगळे ठाण्यातच राहणार आणि सर नागपूरला एकटे भाड्याच्या फ्लॅटमध्ये. आणि लंचला स्वतःच बोलले होते की मला चहापलीकडे काही येत नाही. मी म्हटलं, इंडक्शन आणि छोटा कुकर. सीनियरना ते अजिबात आवडलं नाही, साहेब माणसाला कुकर काय देता, लग्नाचा आहेर आहे का. पण बाकीच्यांना पटलं, आणि मला वाटतं पटण्याचं कारण असं की यात कोणाचेच पैसे छोटे दिसत नव्हते. पाच हजारांचं घड्याळ म्हणजे स्वस्तातलं घड्याळ. पाच हजारांत इंडक्शन आणि कुकर म्हणजे चांगला इंडक्शन आणि चांगला कुकर.

संध्याकाळी गोखले रोडला जाऊन घेतलं. पर्समध्ये फ्रिजवरचं एक मॅग्नेट टाकून नेलं होतं, कुकरच्या बुडाला चिकटतंय का बघायला, कारण साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, खाली लोखंडाच्या जातीचं बूड लागतं. दुकानदार हसला, पण पहिल्या कुकरला चिकटलं नाही तेव्हा त्यानेच दुसरा काढला. तीन लिटरचा स्टीलचा, एका माणसाला भरपूर. दोन्ही मिळून चार हजार आठशे चाळीस. बिल आणि वॉरंटी कार्ड बॉक्समध्येच ठेवलं, किंमत दिसली तर दिसू दे, नागपुरात बिघडला तर काय करतील.

बारा तारखेला सरांनी सगळ्यांसमोर बॉक्स उघडला, कुकर वर धरला आणि विचारलं, "भाताला शिट्ट्या किती?" झालं. एक म्हणे दोन, एक म्हणे तीन, प्राजक्ता म्हणे इंडक्शनवर वेगळं गणित असतं, एक काढून बारीक करायचा. सीनियर, तेच ते आहेरवाले, म्हणाले तांदूळ अर्धा तास भिजवला तर एकच पुरे. भाषणं राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर हिशोब टाकला. नावं नाहीत, नुसतं जमा इतके, खर्च इतका, बिलांचे फोटो. वाटलं आपण फार हुशार. अर्ध्या तासात अकाउंट्सवाला तुषार डेस्कपाशी आला आणि हळूच म्हणाला, "त्रेपन्न म्हणजे तिघांनी आहेराच्या पाकिटासारखे दिलेत ना, वरचा एक रुपया? आणि एकूण बघता बऱ्याच जणांनी पाचशेच्या खाली दिलेत." मी म्हटलं तुला काय करायचंय. तो म्हणाला काही नाही, असंच, आकडा बघितला की डोकं चालतं. पुढच्या वेळी मी जमा झालेला आकडा सांगणारच नाही, फक्त खर्च सांगेन, नाहीतर पदरचे घालून गोल करेन.

शिल्लक राहिले तीनशे त्रेसष्ट. परत कोणाला किती करायचे, आणि करायला गेलं की कोणी किती दिले ते परत निघणार. म्हणून ऑफिसखालच्या गाडीवरून वीस रुपयेवाले अठरा वडापाव आणले, आम्ही पंधरा, पैसे न दिलेला सोळावा, आणि खालचे दोन वॉचमन. सोळाव्याने दोन मिरच्या जास्त मागून घेतल्या.

तीन रुपये अजून माझ्या खात्यात आहेत. तुषारने विचारलंय त्यांचं काय करणार.