आयत, बिंदू T आणि तीन मार्कांचा प्रश्न

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत दहावीला भूमिती शिकवतो. फेब्रुवारी लागला की संध्याकाळी सातनंतर मोबाईल फोटोंनी भरून जातो, कारण बहुतेक पोरांकडे स्वतःचा फोन नसतो, बाप शेतातून आला की त्याच्या फोनवरून गणिताचा फोटो पडतो, अर्धा अंगठा आलेला, लाईट गेलेली असली तर बॅटरीच्या उजेडात काढलेला. बहुतेकांना एवढंच विचारायचं असतं की उत्तर बरोबर आहे का. पण या आठवड्यात एका मुलीने जे पाठवलं ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

दोन फोटो होते. एक छापील प्रश्नाचा, एक तिने वहीत सोडवलेल्याचा. खाली मेसेज: "सर हे आयताचं गणित मी पुस्तकातल्यासारखं नाही केलं, अपोलोनियसने केलं. क्लासच्या सराव पेपरात ३ पैकी १ दिलाय, पद्धत वेगळी असं लिहिलंय. बोर्डात पूर्ण मार्क मिळतील का? नाहीतर मी पुस्तकातलं पाठ करते."

त्याच्यामागोमाग वडिलांचा व्हॉइस मेसेज, "सर, तिले सांगा काहीतरी, पोर जेवनी बी नही."

गणित दहावीच्या पायथागोरसच्या धड्यातलं आहे, ज्यांची दहावी अलीकडे झाली त्यांना आठवेल. PQRS हा आयत, आत कुठेतरी T बिंदू, T पासून चारही शिरोबिंदू जोडलेले. सिद्ध करायचं की TP² + TR² = TQ² + TS², म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांपर्यंतच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज दोन्हीकडे सारखी. पुस्तक सूचना देतं की T मधून SR ला समांतर AB काढा, A हा PS वर आणि B हा QR वर. मग चार काटकोन त्रिकोण मिळतात, प्रत्येकाला पायथागोरस लावायचा, PA = QB आणि AS = BR टाकायचं, झालं. सरळ पद्धत आहे, पण ओळी बऱ्याच होतात आणि पोरं नेमकी तिथेच SA च्या जागी PA लिहून बसतात.

या पोरीने AB काढलीच नाही. तिने दोन्ही कर्ण काढले, छेदनबिंदूला O म्हटलं आणि T पासून O जोडला. आता ΔTPR बघा, आयताचे कर्ण परस्परांना दुभागतात म्हणून O हा PR चा मध्यबिंदू आणि TO ही मध्यगा. अपोलोनियसचं प्रमेय त्याच धड्यात आहे, ते त्रिकोणाच्या दोन बाजूंचे वर्ग मध्यगेशी आणि तिसऱ्या बाजूच्या अर्ध्याशी जोडतं, त्यावरून

TP² + TR² = 2TO² + 2OP²

तसंच ΔTQS मध्ये

TQ² + TS² = 2TO² + 2OQ²

आणि OP = OQ, म्हणून दोन्ही सारखे. सहा ओळीत संपलं. मी वाचलं आणि चहा बाजूला ठेवून परत वाचलं. हे गणित एवढी वर्षं शिकवतोय पण माझ्या वर्गात कुणी कर्णाकडे वळलं नव्हतं.

आकडे टाकून बघायचं असेल तर ८ बाय ६ चा आयत घ्या, कर्ण १० येतो. P च्या कोपऱ्यापासून T ३ आडवा आणि २ उभा घ्या. चार अंतरांचे वर्ग ओळीने १३, २९, ४१, २५ येतात. १३ + ४१ = ५४ आणि २९ + २५ = ५४. तिच्या पद्धतीने TO² = 2, OP² = 25, म्हणजे 2×2 + 2×25, परत ५४.

वेगळी पद्धत दिसली की मी आधी बघतो की वापरलेलं प्रमेय त्या इयत्तेत आहे का, आणि ते सिद्ध करायच्या गोष्टीवरच तर उभं नाही ना. दुसरी चूक दरवर्षी होते, पायथागोरसचं प्रमेय सिद्ध करा म्हटलं की एखादा हुशार मुलगा sin²θ + cos²θ = 1 लिहून दोन ओळीत मोकळा होतो, पण ते सूत्र आपण पायथागोरसवरूनच काढलेलं असतं, त्यामुळे ती सिद्धताच होत नाही. इथे तसं नाही. अपोलोनियस पुस्तकात पायथागोरसवरून सिद्ध केलाय आणि त्यात या आयताचा कुठे संबंध नाही. म्हणजे रस्ता साफ आहे.

ज्याने ३ पैकी १ दिला त्याने वाचलंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. नमुना उत्तरात AB दिसली, पोरीच्या वहीत AB दिसली नाही, विषय संपला. बोर्डाच्या तपासणीत असं चालत नाही. परीक्षकाकडे नमुना उत्तर असतं, पण दुसऱ्या योग्य पद्धतीने सोडवलं तरी गुण द्यायचे असतात, आणि वर नियामक पेपर परत बघतो. पद्धत बांधलेली असते ती वेगळ्या ठिकाणी. कृतीच्या प्रश्नात चौकटी भरायच्या असतात, तिथे स्वतःचा रस्ता चालत नाही. बीजगणितात "पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा" किंवा "क्रेमरच्या पद्धतीने सोडवा" म्हटलं आणि पोराने सूत्राने नाहीतर लोप पद्धतीने उत्तर काढलं तर उत्तर बरोबर असूनही गुण जातात, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथे पद्धतच विचारलेली असते. इथे प्रश्न फक्त "सिद्ध करा" म्हणतो. पुस्तकातली AB ही सूचना आहे, अट नाही.

मग पूर्ण तीन का? त्या कागदावर नाही, आणि मी तिला तसंच सांगितलं. कर्ण दुभागतात हे तिने कंसात कारण म्हणून लिहिलं होतं, पण OP = OQ च्या समोर काहीच नव्हतं. सगळं गणित त्या एका ओळीवर उभं आहे. आयताऐवजी समांतरभुज चौकोन घ्या, तिथेही कर्ण दुभागतात, अपोलोनियस तसाच लागतो, पण कर्ण सारखे नसतात. समजा एक १० आणि एक ६. एकीकडे 2TO² + 50 येतं आणि दुसरीकडे 2TO² + 18, म्हणजे विधान खोटं पडलं. आयताचे कर्ण एकरूप असतात हे कारण लिहिलं नाही तर आयत वापरलाच नाही असं होतं, आणि मी परीक्षक असतो तर तिथे अर्धा गुण कापला असता. मी लिहिलं, "पद्धतीला पूर्ण मार्क, या कागदाला अडीच. कर्ण एकरूप हे कारण टाक. आणि अपोलोनियसचं नाव त्या दोन ओळींसमोर लिही, परीक्षकाला शोधायला लावू नको." शिवाय पक्ष आणि साध्य लिही, आणि TO पेन्सिलीने ठळक काढ, कारण आकृतीत ती रेघ दिसली नाही तर घाईत तपासणारा पहिल्या ओळीलाच अडखळतो.

पाठ करायची गरज नाही हे पण लिहिलं. वडिलांना फोन करून सांगितलं की आधी जेवायला वाढा.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी कौतुकाने तो फोटो आमच्या बीजगणिताच्या सरांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "T जर कर्णावरच असला तर?"

खरंच आहे. T आयताच्या आत कुठेही असू शकतो, मग तो PR वर पण असू शकतो. तसा असला तर T, P, R एका रेषेत येतात आणि ΔTPR राहतच नाही, अन् अपोलोनियसचं प्रमेय तर त्रिकोणासाठी आहे. सर म्हणाले की पुस्तकातल्या सिद्धतेत ही फट नाही, T आत कुठेही ठेवा, AB काढता येते आणि चारही काटकोन त्रिकोण उभे राहतात. त्यांच्या मते अर्धा गुण इथेही जातो.

मी म्हटलं, आकृती प्रश्नासोबत छापलेली आहे आणि तिच्यात T कर्णापासून दूर आहे, दहावीच्या पोरीने आकृतीवरून सोडवलं तर तिला दोष कसा देणार. ते म्हणाले, विधान "अंतर्भागातील बिंदू" म्हणतं, आकृती फक्त मदतीला असते, आणि तुम्हीच वर्गात सांगता ना की आकृतीवर विश्वास ठेवू नका. माणूस फार चोख आहे, पेपर तपासताना त्यांच्या हातून कुणाचा अर्धा गुण हकनाक जात नाही आणि फुकट मिळतही नाही, त्यामुळे त्यांचं बोलणं मला झटकता येईना.

ती फट बुजवायला दोनच ओळी लागतात. T जर OP वर असेल तर TP = OP − TO आणि TR = OP + TO. वर्ग करून बेरीज केली की मधली पदं उडतात आणि परत 2OP² + 2TO² च येतं. त्याच ८ बाय ६ च्या आयतात TO = 2 घेतलं तर TP = 3, TR = 7, बेरीज ५८, आणि 2×25 + 2×4 पण ५८. T दुसऱ्या अर्ध्यावर असला तर फक्त P आणि R ची अदलाबदल. म्हणजे तिचं सूत्र तिथेही खरंच आहे, सिद्धता तेवढी लिहायची राहिली होती.

मी तिला हे गुणांचं काही न बोलता विचारलं, "T कर्णावर असला तर तुझं काय होईल?" दुपारच्या सुट्टीत ती वही घेऊन आली, त्या दोन ओळी लिहून. आणि उलट मलाच म्हणाली, "सर, T बाहेर असला तरी माझं चालतं, पुस्तकातल्याला आकृती बदलावी लागते." मी फळ्यावर काढून बघितलं. T ला PQ च्या पलीकडे नेला तरी O तिथेच राहतो, मध्यगा तीच, तिच्या दोन ओळींतलं एक अक्षर बदलावं लागत नाही. पुस्तकातल्या AB चे A आणि B मात्र PS आणि QR वर राहत नाहीत, आयताच्या बाजूच वाढवून घ्याव्या लागतात.

बीजगणिताचे सर अजून अडीचवर आहेत, म्हणजे कर्णाच्या दोन ओळी नसतील तर. मी तीनवर आहे, कर्ण एकरूप हे कारण लिहिलेलं असेल तर. आमच्या केंद्रावरच्या एका जुन्या नियामकांना फोन केला होता, त्यांचं म्हणणं आलं की छापील आकृतीशी जुळणारी पूर्ण सिद्धता असली की गुण कापू नयेत. सरांना ते सांगितलं. ते म्हणाले, "द्या तुम्ही तीन, पण पुढच्या वर्षी शिकवताना T कर्णावर ठेवून एकदा आकृती काढा." ते मी करणार आहे.