दाखला चौऱ्याऐंशी हजारांचा, पत्र खऱ्या हिशोबाचं

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या न्यासाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या अर्जांचे गठ्ठे येतात आणि मी ते चाळायला बसते. त्याआधी माझी नोकरी सहकारी बँकेत, कर्ज विभागात झाली. त्यामुळे माणूस 'गरजू' म्हणतो तेव्हा माझी नजर आपोआप आकड्यांवर जाते. अर्जासोबतचं पत्र म्हणजे बहुधा एकच मजकूर असतो. 'माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून…' पासून 'आपला आजन्म ऋणी राहीन' पर्यंत. तो झेरॉक्सच्या दुकानात तयारच मिळतो, फक्त नाव बदलायचं. एका वर्षी मुलीच्या पत्रात 'मी आपला आज्ञाधारक विद्यार्थी' तसंच राहिलं होतं. मुलांना दोष द्यायचा तरी कसा? खरं काय लिहायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

यंदाच्या गठ्ठ्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं पत्र होतं. रेघी फुलस्केपची दोन पानं. पहिल्या परिच्छेदात वडील हातगाडीवर भाजी विकतात, आई घरी शिवण करते, भाऊ दहावीला, एवढंच. मग थेट 'श्रावण महिन्याचे व्यापार खाते व नफातोटा खाते', पट्टीने आखलेलं.

विक्री २६ दिवसांची, रोजची सरासरी २,९०० धरून ७५,४०० रुपये. खरेदी ५४,६००. खाली आडत व हमाली ३,९००, टेम्पो २,६००, पिशव्या व बाजारपावती ७००. निव्वळ नफा १३,६००. त्याखाली बारीक अक्षरात टीप : 'पालेभाजीचा साठा अखेरीस शून्य धरला आहे, कारण उरलेली कोथिंबीर दुसऱ्या दिवशी विकली जात नाही. कांदा-बटाट्याचा साठा सुरुवातीस व अखेरीस जवळपास सारखाच असल्याने दोन्ही सोडले आहेत.' कर्ज मागायला येणाऱ्या व्यापाऱ्यांनी ही टीप कधी लिहून दिली असती तर माझे अर्धे दिवस वाचले असते.

दुसऱ्या पानावर पुढचं शिक्षण. सीए व्हायचंय असं निम्मी कॉमर्सची मुलं लिहितात, पण कसं ते लिहीत नाहीत. हिने लिहिलं होतं की फाउंडेशन परीक्षेची फी आणि क्लास परवडत नाही, बी.कॉम.ला किमान ५५ टक्के मिळाले तर थेट इंटरमीडिएटला नोंदणी होते, आणि शेवटच्या वर्षात तात्पुरती नोंदणीही करता येते. पहिल्या वर्षी तिला ६१ टक्के होते. दोन्ही गटांच्या नोंदणीचे १८,००० रुपये ती संध्याकाळी एका दुकानात टॅलीवर नोंदी करून जमवतेय, त्यासाठी आमच्याकडे मागणी नाही. मागणी फक्त कॉलेजच्या फीची.

अडचण अर्जाला जोडलेल्या दाखल्यात होती. उत्पन्नाचा दाखला ८४,००० रुपयांचा. आमची मर्यादा दीड लाख. आणि पत्रातले १३,६०० बाराने गुणले की होतात १,६३,२००. म्हणजे दाखल्याने ती पात्र आणि स्वतःच्याच पत्राने अपात्र.

छाननीच्या बैठकीत एका विश्वस्तांनी, ते आयुष्यभर पगारदार, वरवर पाहून विचारलं, "महिन्याला पंचाहत्तर हजार येतात, मग शिष्यवृत्ती कशाला?" उलाढाल आणि उत्पन्न यांतला फरक त्यांना समजावताना चहा गार झाला. सचिवांचा मुद्दा वेगळा होता. "दाखला एक सांगतो, पत्र एक सांगतं. तिला फोन करा, पत्र बदलून द्यायला सांगा." त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, फाईल जुळायला हवी इतकंच. पण जी खरं बोलली तिलाच खोटं लिहायला सांगायचं, हे मला काही केल्या पटेना. मी म्हटलं, आधी गृहभेट होऊ दे.

दाखल्याबद्दल इथे सांगायला हवं. पगार असेल तर कागद असतो. हातगाडीवाल्याकडे कागदच नसतो. मग तो आपणच जाहीर करतो तो आकडा, तलाठ्याचा अहवाल आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा 'एवढं लिही' हा सल्ला यांतून रक्कम ठरते. इतक्या वर्षांत स्वयंरोजगार असलेल्यांचे दाखले मी पाहिले ते कुठल्या ना कुठल्या योजनेच्या मर्यादेच्या जरा खालीच. तो आकडा म्हणजे उत्पन्न नव्हे, हे दाखला देणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला आणि तपासणाऱ्यालाही.

मी गृहभेटीला गेले तेव्हा वडील शाहू मार्केट यार्डातून माल आणून गाडी लावत होते. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारता मारता म्हणाले, "मॅडम, पोरगी हिशोब ठेवती, मला इचारू नगा." वही तिची होती. खरेदीच्या ओळीत आडत वेगळी लिहिलेली. २०१६ पासून भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतात, म्हणजे ती ह्यांच्या खिशातून जाते. शहरातल्या लोकांना हे माहीत नसतं आणि ते जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करतात.

वहीत एक गोष्ट नव्हती. मी विचारलं, "अगं, सकाळी खरेदीला रोख लागते, ती कुठून येते?"

ती वडिलांकडे बघायला लागली. वडीलच बोलले, "ते देणंघेणं असतंय की, त्यात काय लिवायचं?"

कर्ज वीस हजारांचं ठरतं, हातात अठरा हजार पडतात आणि रोज दोनशे असे शंभर दिवस फेडायचे. वरचे दोन हजार म्हणजे व्याज, महिन्याला सहाशेच्या घरात. पुस्तकात ते नफातोट्याला खर्चात जातं हे तिला चांगलं येत होतं. घरात मात्र त्याला कुणी व्याज म्हणतच नव्हतं. वर अठरा हजार दिवसागणिक कमी होत असताना व्याज पूर्ण रकमेवर, म्हणजे खरा दर दहा टक्क्यांच्या कितीतरी वर. तिने पेन्सिलने ओळ घातली. नफा १३,००० वर आला.

दुसरी गोष्ट बँकेतल्या सवयीने दिसली. हिशोब श्रावणाचा होता. श्रावणात घरोघरी मांसाहार बंद, उपासतापास, सणवार, भाजीवाल्याचा हंगाम. तो महिना बाराने गुणून वर्ष होत नाही. मग आम्ही दोघींनी वही मागे चाळली. मार्गशीर्षही तसाच. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत पालेभाजी दुपारीच माना टाकते, तिथे व्याज वजा जाता नऊ हजारांच्या आसपास. बाकीचे महिने, पावसात गाडी न लागलेले दिवस धरून, साडेअकरा हजारांच्या जवळपास. बेरीज १,३३,५००. दीड लाखाच्या आत, पण ८४,००० नक्कीच नव्हे. भाऊ मध्येच म्हणाला, "मग ताईला मिळणार ना?" मी उत्तर दिलं नाही.

हा हिशोब आणि वहीच्या पानांची छायाचित्रं मी गृहभेटीच्या अहवालाला जोडली. मूळ पत्र बदलू दिलं नाही. पुढच्या बैठकीत पगारदार विश्वस्तांनीच, आता त्यांना उलाढाल पाठ झाली होती, मंजुरीचा प्रस्ताव मांडला. फी मंजूर झाली.

त्याच बैठकीत पुढच्या वर्षीच्या अर्जाच्या सूचनांत एक ओळ वाढवण्याचंही ठरलं : 'पत्रात नमूद केलेले उत्पन्न दाखल्याशी जुळणे आवश्यक.' म्हणजे पुढच्या मुलीने श्रावणाचा हिशोब लिहायचाच नाही, दाखल्यावरचा आकडा उतरवून मोकळं व्हायचं. मी विरोध केला आणि तो इतिवृत्तात नोंदवायला सांगितला. परवा इतिवृत्त आलं. त्यात लिहिलंय, 'या विषयावर चर्चा झाली.' दुरुस्तीचं पत्र मी काल सचिवांच्या टेबलावर ठेवलं.