एका नंबरवरचे दोन कुलकर्णी

वागळे इस्टेटमधल्या एका वॉटर प्युरिफायर डीलरकडची ही गोष्ट. सर्व्हिसची आठवण करून देणारे मेसेज काही ग्राहकांना तीन-तीनदा जात होते आणि लोक वैतागून फोन करत होते. जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून काढलेली यादी माझ्यासमोर ठेवून मालक म्हणाले, "मॅडम, डुप्लिकेट उडवा की झालं!"

उडवणार कसे? Kulkarni, KULKARNI आणि Kulkarny एका नजरेत सापडतात. पण दोन ओळींत नाव अक्षर न् अक्षर सारखं दिसत असूनही एक्सेल त्यांना वेगळं धरत होतं. `TRIM` चालवून झालं, तरी `LEN` एका ओळीत एक अक्षर जास्तच दाखवत राहिलं. मग शेवटचं अक्षर कोणतं आहे ते `=CODE(RIGHT(B2,1))` ने विचारलं. उत्तर आलं 160. साध्या स्पेसचा कोड 32 असतो आणि `TRIM` तेवढीच काढतो. 160 वाली स्पेस दिसते अगदी तशीच, पण बहुतेकदा वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरातून चिकटून येते. ती आधी साध्या स्पेसमध्ये बदलावी लागते:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," "))
```

नावं मार्गी लागली. नंबरांचा घोळ याहून मोठा. कुठे +91, कुठे सुरुवातीला 0, कुठे मध्येच डॅश. अशा वेळी सगळे स्पेस आणि डॅश काढून उजवीकडचे दहा आकडे घ्यायचे, ही नेहमीची युक्ती. आपल्या भागात ती लँडलाइनवर फसते. ठाणे-नवी मुंबईचा कोड 022 आणि पुढे आठ आकडे. त्यातले उजवीकडचे दहा घेतले की 22 पासून सुरू होणारा, मोबाइलसारखाच दिसणारा नंबर तयार होतो. मेसेज मात्र जात नाही. सीएसव्ही फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडली तरी एक्सेल फोन नंबरला साधा आकडा समजून पुढचं शून्य खातं आणि तेच होतं. म्हणून मी फाइल Data मधून आत घेतली, फोनचा कॉलम Text ठेवला आणि 6 ते 9 ने सुरू न होणारे नंबर बाजूला काढले.

आता नंबर जुळले, म्हणून मालकांना घाई झाली. मी मात्र Remove Duplicates दाबलं नाही, आधी नंबरनुसार यादी लावली. एका नंबरवर दोन कुलकर्णी निघाले. पत्ता एकाचा ऐरोली, दुसऱ्याचा नौपाडा. मालकांनी पाहिलं आणि हसले. "अहो, हे नवरा-बायको. घरी एक मशीन, दुकानात एक. नंबर वहिनींचाच."

म्हणजे नंबरावरून एक ओळ उडवली असती, तर दुकानाचं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टच यादीतून गेलं असतं. मेसेज नंबरामागे एक आणि सर्व्हिस मशीनमागे एक, असा हिशेब ठरला. मशीनचा सीरियल नंबर ही खूण धरली. ज्या ओळींत तोही नव्हता, त्या वेगळ्या शीटवर टाकून काउंटरवरच्या मुलीला फोन करून विचारायला दिल्या. जुना कॉलम तसाच राहू दिला, साफ केलेला त्याच्या शेजारी.