एक हजार ऐंशी रुपयांसाठी चार महिने

पावडरवरच्या सुटीसाठी कंपनीकडे केलेला तो क्लेम आठवला की अजून चिडचिड होते.

छापील किमतीच्या वर विकता येत नाही, त्यामुळे आम्हा दुकानदारांची कमाई खरेदीतच ठरते. कपडे धुण्याच्या त्या पावडरीची एमआरपी ११८ रुपये, मला पडायची १०६ रुपये २० पैशांना. पहिल्या वर्षी मधले ११ रुपये ८० पैसे माझेच समजत होतो. पण दोन्ही आकड्यांत १८ टक्के जीएसटी आहे. कर काढला की खरेदी ९०, विक्री १००. माझे दहाच रुपये, वरचे १ रुपया ८० पैसे सरकारचे. तेव्हापासून मी कर वगळूनच हिशोब करतो.

महिन्याच्या २८ तारखेला सेल्समन आला. म्हणाला, "दहा पेट्या घ्या, पाच टक्के स्कीम आहे, क्रेडिट नोटने मिळेल." म्हणजे सूट बिलावर कापत नाहीत, नंतर हिशोबात वळती करतात. दहा पेट्या म्हणजे २४० नग, कराविना २१,६०० रुपये, सूट १,०८०. मी ऑर्डर दिली आणि पाकीट ११२ रुपये १० पैशांना लावलं. कराविना ९५. नगामागे पाच रुपये सोडले, साडेचार क्लेममधून येणार होते. माल भराभर संपला.

क्रेडिट नोट मात्र येईना. पहिला महिना "कंपनीकडे पाठवलाय", दुसरा महिना "सिस्टीममध्ये आहे". तिसऱ्या महिन्यात सेल्समनच बदलला आणि नव्याला कशाचाच पत्ता नव्हता. शेवटी मी डिस्ट्रिब्युटरच्या ऑफिसात जाऊन बसलो, तेव्हा अकाउंट्सच्या माणसाने बिल उघडलं. बिलाची तारीख पुढच्या महिन्याची दोन, स्कीम मात्र महिनाअखेरीला संपलेली. गाडी उशिरा आली, बिल उशिरा फाटलं, आणि कंपनीने क्लेम नाकारला. कंपनी बिलाची तारीख बघते, ऑर्डरची नाही. हे मला तीन महिने कुणीच सांगितलं नाही! तोवर २४० नगांवर मी १,२०० रुपये सोडून बसलो होतो.

नशिबाने ऑर्डरचा मेसेज फोनमध्ये होता, २८ तारखेचा. तो डिस्ट्रिब्युटरच्या मालकांना दाखवला. ते म्हणाले, "जुनी नोट नाही निघणार." मी म्हटलं, "मग पुढच्या दहा पेट्या साडेपंच्याऐंशीने द्या, सूट बिलावरच कापून." त्यांनी दिल्या. चौथ्या महिन्यात ते १,०८० रुपये असे वसूल झाले, तेही नवा माल उचलून.

हे आधीच सांगायला हवं होतं: स्कीमसाठी जास्त माल उचलताना पाकिटावरची तारीख बघा, जुना लॉट आपल्या गळ्यात मारतात. आणि रोख द्यायची ऐपत असेल तर सीडी, म्हणजे लवकर पैसे देण्याबद्दलची सूट, मागा. माझी उधारी २१ दिवसांची असते. मी सात दिवसांत पैसे देतो म्हटल्यावर दोन टक्के मिळाले, म्हणजे या पावडरीवर नगामागे १ रुपया ८० पैसे. तेही बिलावरच लिहून घेतले.